पहिल्या नोकरीत या चुका टाळ: ताईकडून पिंटूला

पिंटू, तुझं ऑफर लेटर बघितलं. अभिनंदन फोनवर झालंय, त्यामुळे आता थेट कामाचं बोलते. मी पगारपत्रकं करते. दर वर्षी जून-जुलैत नवी पोरं रुजू होतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यातली निम्मी माझ्या टेबलाशी येऊन तेच ते प्रश्न विचारतात, तेही बहुतेकदा घोळ करून झाल्यावर. तू माझ्या टेबलाशी नसशील, म्हणून आधीच लिहून पाठवते.

पहिली चूक तू केलीच आहेस. "ताई, महिन्याला पस्तीस हजार मिळणार" असं तू आईला सांगितलंस. चार लाख वीस हजारांना बाराने भागलंस, बरोबर? ते सीटीसी आहे रे, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, पगार नाही. तुझ्याच लेटरचं शेवटचं पान उघड. कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 21,600, ग्रॅच्युइटीची तरतूद 8,700, ग्रुप मेडिक्लेम 5,700 आणि कामगिरीवर मिळणारा 30,000चा बोनस हे सगळं त्या चार लाख वीसमध्येच धरलंय. ते 66,000 वजा केले की उरतात 3,54,000, म्हणजे महिन्याला 29,500. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापून खात्यात येणार 27,500. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स 300 असतो, त्या महिन्यात शंभर कमी आले म्हणून एचआरला मेल टाकू नकोस. आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन मेल येतात.

इन्कम टॅक्स तुला लागणार नाही. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही आणि पगारदारांना 75,000ची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. हे लक्षात ठेव, खाली कामाला येईल. रूमचं भाडं ठरवताना 27,500 हा आकडा धर. आणि तो 30,000चा बोनस मिळेपर्यंत मिळालेला नाही. त्याच्या भरवशावर बाईक बुक करणारे मी बघितलेत.

आता क्रेडिट कार्ड. पगार खातं उघडलं की कार्डवाल्याचा फोन येणारच. घे किंवा नको घेऊ, माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडेही आहे. पण एक गोष्ट नीट समजून घे, कारण ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता चेहऱ्यावरून ओळखते.

आमच्याकडे एक मुलगा लागला होता, कामात हुशार. एकदा पगाराचा अ‍ॅडव्हान्स मागायला आला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला बसवलं आणि म्हटलं, कार्डाची स्टेटमेंटं काढून आण. झालं होतं असं की त्याने साठ हजारांचा फोन कार्डावर घेतला. बिल आलं, त्यावर दोन आकडे होते: एकूण देय 60,000 आणि किमान देय 3,000. त्याला वाटलं, बँकेने आपणहून हप्ते पाडून दिले! दर महिन्याला इमानेइतबारे किमान देय भरत राहिला. उशीर नाही, दंड नाही, त्यामुळे आपलं सगळं सुरळीत चाललंय असा समज.

हिशेब असा. तीन हजार भरल्यावर 57,000 राहिले. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे साधारण 2,000. व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 360. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन हजारांच्या आसपास भरले, त्यातले जवळजवळ 2,360 व्याज-जीएसटीतच गेले आणि मुद्दल फिटलं जेमतेम साडेसहाशे. आणि हे मी सोपं करून सांगतेय. प्रत्यक्षात पूर्ण बिल न भरल्यावर व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात.

पण त्याला बुडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तो पेट्रोल, डबा, रिचार्ज सगळं त्याच कार्डावर करत होता, पॉइंट मिळतात म्हणून. म्हणजे डब्यावरही त्या दिवसापासून साडेतीन टक्के. फोनची काच फुटली, फोन बदलला, तरी पहिल्या फोनची बाकी पन्नास हजारांच्या खाली यायला तयार नाही. प्रत्येक स्टेटमेंटवर 'फायनान्स चार्जेस' अशी ओळ होती. त्याने ती एकदाही वाचली नव्हती, कारण तो फक्त अ‍ॅपवर 'पे मिनिमम' दाबायचा.

शेवटी त्याच्या आईने बांगड्या ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि कार्डाची बाकी एकरकमी संपवली. ऐकायला वाईट वाटतं, पण त्या वेळी तेच शहाणपणाचं होतं. सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या मानाने फारच कमी असतं, कार्डाचं वर्षाला बेचाळीस टक्के होतं. पॉइंट किती जमले होते विचारलंस तर एका मिक्सरचे.

म्हणून कार्ड आलं की खरेदी करायच्या आधी ऑटो-डेबिट लाव आणि ते लावताना 'टोटल अमाउंट ड्यू' निवड. बऱ्याच ठिकाणी 'मिनिमम' हाही पर्याय असतो आणि घाईत तोच टिचकीसरशी निवडला जातो. कार्डाची मर्यादा लाखाची दिली तरी तू स्वतः अ‍ॅपमधून ती पंधरा हजारांवर आण. मी तसंच करते. लोक हसतात, हसू देत. आणि कार्डाने एटीएममधून पैसे कधीच काढू नकोस. तिथे बिनव्याजी मुदत मुळातच नसते आणि वर वेगळी फी लागते.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच: प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी पकडून बेरीज कर, मग ठरव कॉस्ट नो आहे की यस.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे पीएफ काढणं. याचा मला खरंच राग येतो, कारण इथे पैसे कोणी पळवत नाही, आपणच उचलतो.

आधी पासबुक वाचायला शीक. तुझा बेसिक 15,000 आहे. तुझ्याकडून 12 टक्के म्हणजे 1,800 कापतात, कंपनीही 1,800 घालते. पण पासबुकात कंपनीच्या रकान्यात 550च दिसतील. "कंपनीने पीएफ खाल्ला" असं म्हणत पोरं माझ्याकडे येतात ती याच ओळीमुळे. उरलेले 1,250 शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात असतात. म्हणजे पीएफमध्ये महिन्याला 2,350 पडतात, वर्षाला 28,200. त्यावर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होतं. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरणं कंपनीला बंधनकारक असतं. मी स्वतः दर तिमाहीला लॉगिन करून बघते. पगारपत्रकात कपात दिसतेय आणि पासबुकात दोन-तीन महिने नोंदच नाही, तर विचारायला जा. तिथे गप्प बसायचं नाही.

आता किस्सा. तीन वर्षांनी नोकरी बदलताना एकाने, माझ्या नाही नाही म्हणण्यावर, पीएफ काढून घेतला. जवळपास 95,000 होते. नव्या कंपनीत रुजू झालेला असूनही फॉर्मवर बेरोजगार असल्याचं दाखवलं, ते वेगळंच. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र असतो आणि रक्कम 50,000च्या वर गेली की पॅन जोडलेलं असूनही 10 टक्के टीडीएस कापतात. साडेनऊ हजार तिथेच गेले. रिफंडसाठी रिटर्न भरायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. पेन्शनचे पैसेही सोबत काढले, म्हणजे ती तीन वर्षं पुसली गेली. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती त्याची पुन्हा शून्यापासून सुरू झाली. उरलेल्या पैशांची गोवा ट्रिप आणि एक टीव्ही.

तेच 95,000 त्याने नव्या खात्यात वळवून विसरून टाकले असते आणि व्याजदर असाच राहिला असता, तर तीस वर्षांनी त्याचे दहा लाखांवर झाले असते. मी हे त्याला कागदावर मांडून दाखवलं होतं. "तीस वर्षं कोण बघतंय" म्हणाला. बावीस-तेविसाव्या वर्षी सगळेच असं म्हणतात. तू म्हणू नकोस.

नोकरी बदललीस की करायचं इतकंच: यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवायचा. नव्या एचआरला पहिल्याच दिवशी जुना नंबर द्यायचा. "मला माहीत नाही" म्हणून फॉर्म कोरा सोडलास आणि नवा नंबर निघाला, तर दोन नंबर एकत्र करण्यात महिने जातात. तू नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर टाकलीय का तेही बघ. ती नसली की ट्रान्सफर अडतं.

विम्याचं थोडक्यात. आपले एक काका तुला पॉलिसी घेऊन भेटायला येणार आहेत. कोण ते तुला माहीत आहे. "टॅक्स वाचेल" असं ते सांगतील. तुला टॅक्सच नाही, आणि नव्या प्रणालीत विम्याच्या हप्त्यावर मिळणारी 80सी ची वजावटही नाही, मग वाचणार काय? चहा पाज, पाया पड, सही करू नकोस. भिडेपोटी केलीसच, तर पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, पैसे थोडी कपात होऊन मिळतात. काका रुसतील, दिवाळीपर्यंत निवळतील.

शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स: बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये अभ्यास जाहीर केला, त्यात तीन आर्थिक वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. रूमवरचा जो मित्र रोज नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवेल, त्याला तोट्याचेही मागून बघ.

मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं नाही. याला स्पष्टीकरण नाही.

आठ महिन्यांत नोकरी बदलायची खुमखुमी येईल, तेव्हा आधी नोटीस पीरियड आणि जॉइनिंग बोनस परत करायची अट वाच. तुझ्या लेटरमध्ये ती पान तीनवर आहे, बारीक अक्षरात.

आता या आठवड्यातलं काम. आधार, पॅन आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर तुझं नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळतात का ते ताडून बघ. तुझ्या आधारवर बाबांचं नाव अर्धवट आहे असं मला अंधुक आठवतंय. ते आत्ताच दुरुस्त कर, नंतर पीएफचा प्रत्येक अर्ज तिथेच अडकतो. मग पोर्टलवर फोटो चढव आणि ई-नॉमिनेशनमध्ये आईचं नाव टाक. त्याला तिचाही फोटो आणि आधार नंबर लागतो. दोन्ही माझ्याकडे आहेत, रात्री पाठवते.