एआयशी लिहिलेली मनातली टिपणं वर्षभराने वाचता यावीत म्हणून

बाबांच्या आजारपणात मी सात महिने रोज रात्री चॅटजीपीटीपाशी लिहीत होते. दिवस कसा गेला, कशाची भीती वाटली, कोणावर चिडले, सगळं त्यात होतं. खातं मात्र ऑफिसच्या ईमेलवर काढलं होतं. नोकरी सोडली त्या संध्याकाळी ईमेल बंद झाला आणि त्याबरोबर सात महिनेही गेले. त्यानंतर बसवलेली पद्धत इथे लिहिते आहे.

पहिलं काम खातं तपासण्याचं. ते स्वतःच्या, कायम राहणाऱ्या ईमेलवर हवं. मग सेटिंग्ज उघडून बघा. जेमिनीत जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसण्याची सोय असते आणि ती आपण चालू न करताही चालू असू शकते. चॅटजीपीटीत Temporary Chat चालू ठेवून लिहिलं, तर ते संभाषण इतिहासात राहतच नाही.

दुसरं काम त्याच रात्रीचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. संभाषण संपलं की आपण लिहिलेला मजकूर कॉपी करून नोटपॅडच्या साध्या फाइलमध्ये उतरवा. एआयची उत्तरं सगळी घेऊ नका. त्यातलं एखादं वाक्य खरंच लागलं असेल तर तेवढंच घ्या आणि आधी ‘एआय:’ असं लिहा. सहा महिन्यांनी वाचताना आपलं कोणतं आणि त्याचं कोणतं हे आठवत नाही, आणि त्याची गुळगुळीत वाक्यं आपलीच वाटू लागतात. माझी एक नोंद अशी आहे:

```
2025-03-14, शुक्रवार, रात्री 11
बाबांचा रिपोर्ट आला. डॉक्टर काय म्हणाले ते आईला अर्धंच सांगितलं.
एआय: उरलेलं अर्धं कोणासाठी राखून ठेवलंत?
```

फाइलचं नाव 2025-03-14.txt असं, वर्ष आधी घालून ठेवलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. सेव्ह करताना Encoding मध्ये UTF-8 आहे ना, ते बघा. तिथे ANSI राहिलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली फाँट नसलेल्या मशीनवर उघडून पाहिलेल्यांना ही धास्ती नव्याने सांगायला नको.

महिन्यातून एकदा पूर्ण प्रत उतरवा. चॅटजीपीटीत Settings, मग Data controls आणि तिथे Export data. ईमेलवर येणारी लिंक 24 तासच चालते, म्हणून आली की लगेच झिप उतरवा. आत chat.html असेल, ती ब्राउझरमध्ये उघडते आणि Ctrl+F ने शब्द शोधता येतो. conversations.json उघडून घाबरू नका. तिथे ‘आज’ हा शब्द \u0906\u091c असा दिसू शकतो आणि तारीख 1741910400 अशा आकड्यात असते. मजकूर शाबूत असतो, पण माणसाने सहज वाचावा असा नसतो. म्हणून तर रोजची साधी फाइल हवी.

आता कुलूप. 7-Zip मध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून Add to archive निवडा, प्रकार 7z ठेवा, पासवर्ड घाला आणि Encrypt file names वर टिक करा. ही टिक करायची राहून गेली तर मजकूर बंद राहतो, पण फाइलींची नावं कोणालाही दिसतात. कुलूपबंद फाइल एकदा उघडून पाहा, मगच मूळ फोल्डर पुसा. Downloads मधली झिप आणि रिसायकल बिनही रिकामं करा. घरात सगळे एकच कॉम्प्युटर वापरत असतील तर नको त्या हाती हेच पडतं. पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कोणी नाही. मी तो कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात ठेवला आहे. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा.

जपून ठेवायचं म्हणून Share ची लिंक काढून स्वतःला व्हॉट्सअॅप करणारे मी पाहिले आहेत. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते, आणि मूळ संभाषण पुसलं की लिंकही जाते.

दर तीन महिन्यांनी पेनड्राइव्ह लावा, पासवर्ड टाका आणि कोणत्याही एका तारखेची नोंद पूर्ण वाचा. अक्षरं नीट दिसली, तारीख कळली आणि त्या दिवशी काय झालं होतं ते आठवलं, तर प्रत ठीक आहे. तारीख कळूनही प्रसंग आठवला नाही, तर नोंद फार त्रोटक झाली आहे. पुढच्या नोंदींत माणसांची नाती आणि जागा लिहायला लागा. मी आता ‘ती’ असं न लिहिता ‘मावशी, दवाखान्याच्या जिन्यात’ असं लिहिते.