तारा हायड्रोजन कोणत्या मार्गाने जाळतो, हे वस्तुमानावरून कसे ठरवावे

एखादा तारा हायड्रोजनपासून हेलियम बनवताना प्रोटॉन साखळी वापरतो की कार्बन चक्र, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकवले जाते: सूर्याच्या सुमारे 1.3 पट वस्तुमानापर्यंत साखळी, त्यापुढे चक्र. हे वाक्य चुकीचे नाही, पण ते पाठ करून काहीही समजत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याला जोडून दिले जाणारे स्पष्टीकरण, की जड ताऱ्यांत कार्बन अधिक असतो म्हणून तिथे कार्बन चक्र चालते. ते सरळ चूक आहे. एकाच ढगातून जन्मलेल्या हलक्या आणि जड ताऱ्यांत सुरुवातीला कार्बनचे प्रमाण सारखेच असते. निवाडा केंद्राच्या तापमानावर होतो, आणि वस्तुमान ते तापमान ठरवते. खाली व्याधाचे उदाहरण घेऊन हा हिशोब करून दाखवला आहे.

पहिली पायरी: दोन्ही मार्गांतली सर्वांत मंद अभिक्रिया शोधावी, कारण संपूर्ण मार्गाचा वेग तीच ठरवते. साखळीत ती पहिलीच आहे: दोन प्रोटॉन जुळून ड्युटेरियम बनणे. चक्रात कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांत बदलत फिरतात आणि शेवटी कार्बन परत मिळतो. तिथली मंद पायरी म्हणजे नायट्रोजन-14 ने प्रोटॉन पकडणे. बाकीच्या अभिक्रिया या कामापुरत्या बाजूला ठेवाव्यात.

दुसरी पायरी: केंद्राचे तापमान काढावे. अंदाजासाठी ते वस्तुमान भागिले त्रिज्या या गुणोत्तराच्या प्रमाणात वाढते, असे धरावे. व्याधाचे वस्तुमान सूर्याच्या 2.06 पट आणि त्रिज्या 1.71 पट आहे, म्हणजे गुणोत्तर 1.2. सूर्याच्या केंद्राचे तापमान 1 कोटी 57 लाख केल्विन असल्यामुळे व्याधाचे सुमारे 1 कोटी 88 लाख येते. हा अंदाज थोडा कमी पडतो, कारण दोन्ही ताऱ्यांची अंतर्रचना एकसारखी नाही. सविस्तर गणितातून सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्यासाठी सुमारे 2 कोटी 10 लाख केल्विन मिळतात. पुढे हाच आकडा वापरावा.

तिसरी पायरी अवघड आहे, आणि मला ती समजायला सर्वांत जास्त वेळ लागला. प्रोटॉनवर एकच धनभार असतो, तर नायट्रोजनच्या केंद्रकावर सात. म्हणजे नायट्रोजनजवळ जाणाऱ्या प्रोटॉनला कितीतरी तीव्र प्रतिकर्षण सोसावे लागते. सूर्याच्या केंद्रात या प्रतिकर्षणातून पार होण्याची शक्यता दोन प्रोटॉनांच्या तुलनेत सुमारे 10²¹ पटींनी कमी आहे. एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल की चक्र कधीच जिंकू शकणार नाही. पुष्कळ लेख इथेच ‘तापमान वाढले की अडथळा ओलांडता येतो’ असे म्हणून पुढे जातात. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण 10²¹ ची तूट भरून कशी निघते, हा प्रश्न तसाच राहतो.

उत्तर साखळीच्या बाजूला आहे. दोन प्रोटॉन एकमेकांजवळ पोहोचले तरी ते तसेच जुळून राहू शकत नाहीत. त्यांची गाठ पडते त्या अत्यल्प क्षणात त्यांच्यापैकी एकाचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि हे काम दुर्बल बलाचे असल्यामुळे ते जवळपास कधीच वेळेत होत नाही. म्हणूनच सूर्याच्या केंद्रातील एखाद्या प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षे थांबावे लागते. चक्रातही प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतोच, पण तिथे प्रोटॉन आधी केंद्रकात सामावला जातो आणि रूपांतर नंतर, सवडीने होते: नायट्रोजन-13 चे अर्धायुष्य सुमारे 10 मिनिटे आहे, ऑक्सिजन-15 चे सुमारे 2 मिनिटे. या सवलतीमुळे, जवळ पोहोचल्यानंतर अभिक्रिया घडण्याची चक्राची क्षमता साखळीच्या काही गुणिले 10²¹ पट ठरते. दोन प्रचंड संख्या एकमेकींना जवळपास छेदतात. सूर्यासारख्या तापमानाला दोन्ही मार्ग एकाच स्पर्धेत का असतात, हे इथे कळते. साखळीला भार कमी आहे पण दुर्बल बल अडवते, चक्राला भार अडवतो पण दुर्बल बल अडवत नाही. आणि तापमान वाढल्याने फक्त भाराचा अडथळा सौम्य होतो.

चौथी पायरी: तापमानाचा घातांक n काढावा, म्हणजे अभिक्रियेचा वेग तापमानाच्या कितव्या घाताने वाढतो ते. सूत्रे अशी आहेत:

```
τ = 42.46 × (Z1² × Z2² × A / T6)^(1/3)
n = (τ − 2) / 3
```

इथे Z1 व Z2 हे दोन्ही केंद्रकांचे भार, A हे त्यांचे समानीत वस्तुमान, म्हणजे अणुवस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, आणि T6 हे दशलक्ष केल्विनमधील तापमान. T6 = 15.7 घेतल्यास साखळीसाठी n सुमारे 3.8 आणि नायट्रोजन-14 साठी सुमारे 19.5 मिळतो. चक्राचा घातांक कुठे 16, कुठे 20 दिलेला आढळतो. दोन्ही योग्य आहेत, कारण तापमान वाढत जाते तसा घातांक घटतो. त्यामुळे मोठ्या उडीसाठी हा घातांक थेट वापरू नये. दोन्ही तापमानांना τ काढून वेग exp(−τ) / T6^(2/3) च्या प्रमाणात घ्यावा. घनता दोन्ही मार्गांत सारखीच गुणली जाते, म्हणून तुलनेत ती नाहीशी होते.

आता व्याधाचा हिशोब. 15.7 वरून 21 वर गेल्यास साखळीचा वेग सुमारे 2.9 पट होतो आणि चक्राचा सुमारे 220 पट. म्हणजे साखळीच्या तुलनेत चक्र 75 पटींहून अधिक वधारते. सूर्याच्या एकूण ऊर्जेत चक्राचा वाटा सुमारे 1 टक्का असल्याने बरेच जण 1 ला या पटीने गुणतात, आणि व्याधातही चक्र थोडे मागेच असल्याचा निष्कर्ष काढतात. इथे विशेष काळजी घ्यावी. तो 1 टक्का संपूर्ण सूर्याचा आहे आणि त्यात केंद्राबाहेरचे थंड थरही येतात, जिथे साखळी बऱ्यापैकी चालते पण चक्र जवळपास बंद असते. सूर्याच्या अगदी केंद्रबिंदूपाशी चक्राचा वाटा 1 टक्क्याहून बराच मोठा आहे. केंद्राच्या तापमानाशी केंद्राचाच वाटा जोडला, की व्याधाच्या केंद्रात चक्र साखळीला स्पष्टपणे मागे टाकते. दोन्ही मार्ग समसमान होतात ते सुमारे 1 कोटी 80 लाख केल्विनला.

साखळी मात्र व्याधातही चालूच असते. किंबहुना सूर्यातल्यापेक्षा वेगाने. 1.3 पट वस्तुमानाशी काहीही बंद पडत नाही.

तापमानातली चूक या हिशोबात किती महाग पडते, याचे उदाहरण इतिहासातच आहे. हान्स बेथे यांनी 1939 मध्ये हे चक्र मांडले तेव्हा सूर्याचे केंद्र सुमारे 2 कोटी केल्विन तापमानाचे मानले जात होते, आणि त्यामुळे सूर्यही प्रामुख्याने चक्रावर चालतो असा निष्कर्ष निघाला. सूर्यातील चक्राचे न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडल्याची घोषणा इटलीतील बोरेक्सिनो प्रयोगाने 2020 मध्ये केली, आणि तो वाटा 1 टक्क्याच्या आसपासच असल्याचे त्यातून दिसले.

हिशोब बरोबर आला की नाही, हे ताऱ्याच्या रचनेवरूनही पडताळता येते. चक्राची ऊर्जा केंद्राजवळच्या छोट्या भागात एकवटते. ती केवळ प्रारणाने बाहेर नेता येत नाही आणि गाभा अभिसरणाने ढवळला जातो. सूर्याचा गाभा असा ढवळला जात नाही, व्याधाचा जातो.

एक मर्यादा लक्षात ठेवावी: हा सगळा हिशोब सूर्यासारख्या मिश्रणाचा आहे. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांत कार्बन नव्हताच. त्यांतले जड तारे, कितीही वस्तुमान असले तरी, हे चक्र लगेच सुरू करू शकत नव्हते. केंद्र आकुंचन पावून इतके तापावे लागे की हेलियमपासून थोडा कार्बन तयार होईल, आणि त्यानंतरच चक्राला सुरुवात होई.