स. न. वि. वि. – पण विनंती तेवढीच

प्रकाशकाला हक्क परत मागणारं पत्र मी तीनदा लिहिलं. २०१६ला, २०१८ला आणि २०२२ला. पहिल्या दोन पत्रांनी माझं नुकसानच केलं, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांचं पहिलंच पुस्तक दहा-बारा वर्षांपासून बाजारात नाही आणि नवा प्रकाशक ‘आधीच्यांकडून पत्र आणा’ म्हणतो आहे, त्यांच्यासाठी.

पुस्तक ललित लेखांचं. करार २००४चा, पहिली आवृत्ती ११०० प्रतींची, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. २०११च्या सुमारास दुकानांत प्रती मिळेनाशा झाल्या. दुसरी आवृत्ती निघाली नाही. फोन केला की ‘बघू या, दिवाळीनंतर’. दिवाळ्या येत राहिल्या.

माझी पहिली चूक म्हणजे मी करार न वाचता पत्र लिहिलं. करार कपाटात होता आणि पत्र डोक्यात तयार होतं. एका ज्येष्ठ लेखकांनी सल्ला दिला होता, ‘गोड लिही, संबंध बिघडवू नकोस.’ माझं मत विचाराल तर असा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची पुस्तकं सहसा छापात असतात. तर मी गोड लिहिलं: ‘माझ्या पुस्तकाचे प्रकाशनहक्क आपल्याकडे आहेत. नवी आवृत्ती काढणे शक्य नसल्यास ते मला परत द्यावेत, ही नम्र विनंती.’

ही दोन वाक्यं पुन्हा वाचा. सापळा त्यांतच आहे.

पहिल्या वाक्यात मी माझ्याच सहीनं कबूल केलं की हक्क त्यांच्याकडे आहेत. दुसऱ्यात त्यांच्या हाती आयतं उत्तर दिलं: ‘काढतो की आवृत्ती.’ तसंच उत्तर आलं. २०१८चं पत्र याच वाणाचं होतं, फक्त जरा रडकं.

मग एका वकील मैत्रिणीनं करार मागून घेतला. तिचा पहिला प्रश्न, ‘मुदत कुठे आहे?’ मुदत कुठेच नव्हती. दोन पानांत मानधन होतं, लेखकाच्या २५ प्रती होत्या, न्यायक्षेत्र होतं, पण किती वर्षांसाठी ते लिहायचं राहून गेलं होतं. मला वाटलं, मुदत नाही म्हणजे कायमचं. उलट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९, पोटकलम ५ सांगतं की हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरायची. कलम ३०-अ नं हेच परवान्यालाही लागू होतं, त्यामुळे ‘हे हस्तांतरण नाही, नुसती छापायची परवानगी आहे’ असं म्हटलं तरी फरक पडत नाही. म्हणजे माझे हक्क २००९ मध्येच परत आले होते, आणि २०१६ साली मी ते हात जोडून मागत होते.

घाईनं उड्या मारू नका, याला मर्यादा आहेत. पाच वर्षांचं हे पोटकलम १९९४च्या दुरुस्तीतून आलं. ती १० मे १९९५ला लागू झाली, आणि त्याआधीच्या करारांना ते लागत नाही. माझ्या एका स्नेह्यांचा करार १९८८चा. त्यांना करारातल्या भाषेवरच अवलंबून राहावं लागलं, त्यांचं पत्र खरोखर विनंतीचंच होतं. तुमच्या करारात ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द असतील, तरीही पाच वर्षांचा आधार नाही. तिथे कलम १९-अ आहे: प्रकाशक हक्क पुरेसे वापरत नसेल आणि दोष तुमचा नसेल, तर तक्रार करून हस्तांतरण रद्द करून घेता येतं. ती कोर्टाची वाट आहे, वकिलाशिवाय जाऊ नका. आणि करार फक्त ‘पहिल्या आवृत्तीपुरता’ असेल तर आनंदानं घरी बसा. मराठीत असे करार पुष्कळ आहेत आणि लेखकांना ते आठवत नाहीत.

तिसरं पत्र मैत्रिणीनं माझ्याकडूनच लिहून घेतलं. वकिलाची नोटीस पाठवायला तिनं साफ नकार दिला. नोटिशीला समोरचा वकिलाकडूनच उत्तर देतो, आणि मग पुस्तक बाजूला राहतं. पत्राचा गाभा असा होता:

‘दि. … २००४च्या करारात मुदतीचा उल्लेख नसल्याने कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९(५) नुसार तो २००९ मध्ये संपला. त्यानंतर नवा लेखी करार झालेला नाही. माझ्या आधीच्या पत्रांतील उल्लेख ही वस्तुस्थिती माहीत नसताना केलेले होते. सबब मुद्रित, ई-बुक, श्राव्य व अनुवाद असे सर्व हक्क माझ्याकडे असल्याची लेखी नोंद ३० दिवसांत पाठवावी. शिल्लक प्रती असल्यास संख्या कळवावी. त्या सहा महिन्यांत विकण्यास माझी हरकत नाही, किंवा मी त्या विकत घेईन.’

सलामीला ‘स. न. वि. वि.’ होतं. विनंती तेवढीच.

शिल्लक प्रतींचं वाक्य सौजन्य म्हणून घातलेलं नाही. ‘पुस्तक संपलं’ म्हणजे काय, हे करारात क्वचित लिहिलेलं असतं, आणि गोदामात चाळीस प्रती असल्या की ‘पुस्तक उपलब्ध आहे’ असं म्हणता येतं. ती वाट आधीच बंद केलेली बरी. सोबत मी करार, हक्क लेखिकेचे असं छापलेलं श्रेयपान आणि शेवटची तीन शून्याची मानधन-पत्रकं जोडली. पाठवलं रजिस्टर ए.डी.नं, संस्थेच्या नावे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके मॅडम, छापा’ असं मिळवून खूश होणारे मी पाहिलेत. नवा प्रकाशक त्यावर एक पान छापणार नाही.

उत्तरात आधी माझंच २०१६चं वाक्य मला परत आलं: ‘आपणच मान्य केले आहे…’ मैत्रीण म्हणाली, यानं संपलेला करार जिवंत होत नाही, पण वाद घालायला जागा मिळते. दोन महिने त्यात गेले. ते उत्तर आलं त्या रात्री झोप आली नव्हती, हेही सांगते. नंतर लेटरहेडवर, शिक्क्यासह, मालकाच्या सहीनं पत्र आलं. त्यात ‘मुद्रित आवृत्तीस हरकत नाही’ एवढंच होतं. ई-बुक आणि श्राव्य गाळलेले. मी ते नम्रपणे परत पाठवलं. दुसरं पत्र पूर्ण आलं.

हक्क मजकुराचे परत येतात, पुस्तकाचे नाही. मुखपृष्ठ चित्रकाराचं होतं, त्याची वेगळी परवानगी घेतली. जुनी पेजमेकरची फाईल मिळाली, पण ती श्रीलिपीतली. युनिकोड करताना जोडाक्षरांचा असा चुरा झाला की सरळ पुन्हा टाइप करून घेतलं.

गोदामात २३ प्रती निघाल्या. त्या पार्सलनं आल्या, वर बिल, ३५ टक्के सवलत कापून. मी पैसे भरले आणि पावती करारालाच टाचून ठेवली.