‘सोबत फाईल जोडली आहे’ एवढंच लिहिलं तेव्हा

सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपचा माझा तिसरा महिना. एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याच्या एप्रिलच्या खरेदीचा GSTR-2B शी, म्हणजे पुरवठादारांनी GST पोर्टलवर भरलेल्या बिलांच्या यादीशी, ताळमेळ घातला. १४ बिलं जुळेनात. १५ मे रोजी एक्सेल पाठवलं आणि मेलमध्ये एकच ओळ लिहिली: ‘सोबत फाईल जोडली आहे, कृपया पाहावी.’

शेठनी खरंच पाहिली. फोन आला, “मॅडम, बघितली. सगळं बरोबर आहे.” मीही निर्धास्त. १९ तारखेला सरांनी विचारलं, “त्या १४ बिलांचं काय झालं?” तेव्हा उलगडा झाला. एक्सेल सेव्ह करताना जी शीट समोर असते, तीच उघडताना समोर येते. माझी जुळलेल्या बिलांची शीट समोर होती. शेठनी मोबाईलवर तेवढीच बघितली.

त्या १४ पैकी ९ बिलं पुरवठादारांनी पोर्टलवर भरलेली होती. शेठच्या मुनीमजींनी ‘४५७/२५-२६’ ऐवजी नुसतं ‘४५७’ असं काहीतरी नोंदवलं होतं. मूळ बिलं वेळेत बघून झाली असती तर खरेदीवर दिलेल्या GST चं क्रेडिट त्याच महिन्यात मिळालं असतं. २० तारखेला 3B हे महिन्याचं रिटर्न भरताना ३८,७०० रुपये क्रेडिटऐवजी रोखीने गेले. क्रेडिट बुडालं नाही, पुढच्या महिन्यात घेता आलं. पण पैसे महिनाभर अडकले आणि बोलणी मी खाल्ली.

जूनमध्ये मेल असा गेला:

‘शेठ, सोबत मे महिन्याच्या खरेदीचा ताळमेळ आहे. त्यातली फक्त “न जुळलेली” ही शीट बघायची आहे. पिवळ्या ६ ओळींत बिल नंबर चुकलेला दिसतो. मूळ बिल बघून G रकान्यात बरोबर नंबर लिहा. पांढऱ्या ३ ओळींतल्या पुरवठादारांनी GSTR-1 भरलेलं नाही. त्यांना फक्त फोन करा, फाईलमध्ये काही लिहू नका. १७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हीच फाईल परत पाठवा. उशीर झाला तर २२,५०० रुपयांचं क्रेडिट या महिन्यात घेता येणार नाही. दुसरी पीडीएफ नुसती तुमच्या दप्तरी ठेवायला आहे.’

ती शेवटची ओळ फालतू वाटेल. पण दोन फाईली जोडल्या आणि एकीबद्दल काहीच लिहिलं नाही, तर लोक नेमकी तीच उघडून बसतात.

मजकुरातले आकडे मी सगळ्यात शेवटी, जोडलेली फाईलच पुन्हा उघडून लिहिते. एकदा मेल लिहून झाल्यावर फाईलमध्ये एक पिवळी ओळ वाढवली होती. मेलमध्ये ६, फाईलमध्ये ७. समोरच्याने सहा भरून पाठवल्या, सातवीबद्दल त्याला दोष कसा देणार?

१६ जूनला शेठचा निरोप आला: “मॅडम, चार झाली. दोन बिलं गोदामात आहेत, उद्या बघून टाकतो.”