टॉकचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिहिताना या चुका टाळा

सातपूरला नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने परवा कॉलेज रोडवर चहा पिताना मोबाइल पुढे केला. एका परिषदेने वक्ते मागवले होते आणि त्याला तीस मिनिटांचा टॉक द्यायचा होता. अ‍ॅबस्ट्रॅक्ट असं होतं: ‘आजच्या युगात आयओटी हे महत्त्वाचे तंत्रज्ञान आहे. शेतीत त्याने क्रांती घडवली आहे. या सत्रात आपण आयओटी म्हणजे काय, त्याचे फायदे, आव्हाने आणि भविष्य पाहू.’

म्हटलं, यात तू कुठे आहेस? हे चार ओळींचं पुराण कुणीही लिहील. निवड समिती एका बैठकीत असे ढीगभर प्रस्ताव वाचते आणि पहिल्या वाक्यात काही हाती लागलं नाही, तर नजर खाली सरकते. (मीही अशा समितीत बसलोय, माझीही सरकते.)

‘तू नेमकं केलंस काय?’ असं विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत त्याने पानांचा ओलावा मोजणारे सेन्सर लावले होते. पान किती वेळ ओलं राहिलं, यावरून डावणी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाचा धोका कळतो. पण भर दुपारी, कोरड्या उन्हात सेन्सर ‘ओलं’ म्हणायला लागले. कारण निघालं फवारणीचं: औषधाचा थर सेन्सरवर साचला होता. मग तिथेच बसून नवा मजकूर लिहिला:

‘भर दुपारी आमचा सेन्सर सांगत होता, द्राक्षाचं पान ओलं आहे. पान कोरडं होतं. सेन्सरवर फवारणीचा थर होता. अशी खोटी नोंद तापमान आणि आर्द्रतेच्या आकड्यांशी ताडून कशी पकडायची आणि सेन्सर कधी पुसायचा, हे या टॉकमध्ये दाखवेन. मायक्रोकंट्रोलर हाताळलेल्यांसाठी.’

त्याला थराचं गुपित झाकून ठेवायचं होतं, ‘उत्तर टॉकमध्येच!’ असं. ही दुसरी चूक, आणि हुशार माणसं हमखास करतात. समितीला उत्तर दिसलं नाही, तर ते तुमच्याकडे आहे की नाही हे तिला कसं कळणार? श्रोत्यांसाठी रहस्य ठेवायचंच असेल, तर समितीपुरत्या टिपांचा वेगळा रकाना बऱ्याच फॉर्ममध्ये असतो. उत्तर तिथे सरळ लिहा. मिनिटांची वाटणीही तिथेच: बागेची ओळख पाच, चुकीची नोंद दहा, तपासणी दहा, प्रश्न पाच. ही वाटणी करतानाच आपण तासाभराचा ऐवज अर्ध्या तासात कोंबतोय का, ते कळतं.

पहिली फेरी नावं झाकून होत असेल, तर अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये स्वतःचं किंवा कंपनीचं नाव नको.

शीर्षक मात्र त्याला सोडवत नव्हतं: ‘आयओटी: शेतीतील क्रांती’. शेवटी ‘भर उन्हात ओलं पान’ लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात ‘द्राक्षबागेतल्या सेन्सरच्या चुका’. नुसतं वरचं ठेवलं असतं, तर लोकांना कविता वाटली असती.