भिंतीपलीकडं माग आणि इकडं मीटिंग: हेडसेट घेताना अन् नॉइज सेटिंग लावताना या चुका टाळा

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे, मागची भिंत शेजारच्या अण्णांच्या कारखान्याला लागून, आणि त्या भिंतीपलीकडं चार माग टॉवेल विणतात. सकाळी आठला खटखट सुरू होते ती रात्रीपर्यंत. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, उलट लाइट गेली की शांतता टोचते, पण पुण्याच्या कंपनीचं काम घरून सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात मॅनेजरनं विचारलं, "तुमच्याकडं बांधकाम चालूए का हो?" तेव्हापासून सहा महिने मी जे जे चुकीचं केलं ते खाली लिहितोय. तुमच्याकडं माग नसेल तर कूलर असेल, वरच्या मजल्यावर भाकऱ्या थापणं असेल, चुका त्याच होतात.

एएनसीवाले बड्स घेतले की काम झालं, असं समजणं

सगळ्यात महाग चूक हीच. दुकानात 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलेलं बघितलं, चार हजार घातले, कानात घातले आणि काय सांगू, माग गायबच. मी खूश. मीटिंगमध्ये निवांत बोलतोय आणि चॅटमध्ये मेसेज येतोय, "तुझ्याकडून खूप आवाज येतोय, म्यूट कर."

झालं असं की एएनसी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, हे तुमच्या कानासाठी असतं. बाहेरच्या आवाजाच्या उलटी लाट तयार करून ती तुमच्या कानात सोडतात म्हणून तुम्हाला शांत वाटतं. समोरच्याला जे ऐकू जातं ते माइक पकडतो, आणि माइकचा आवाज साफ करणं हे वेगळंच खातं आहे. खोक्यावर एएनसी लिहिलंय म्हणजे माइक चांगला आहे असं अजिबात नाही. आणि यात अजून एक गंमत, कान बंद झाले की आपला स्वतःचा आवाजही आपल्याला नीट येत नाही, मग माणूस नकळत ओरडून बोलायला लागतो. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "भांडताय का कुणाशी?" काही हेडसेटमध्ये साइडटोन नावाची सोय असते, आपलाच आवाज थोडा आपल्या कानात सोडतात, ती असेल तर चालू करा.

माइक तोंडापासून लांब ठेवणं

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे. मागाचा आवाज खोलीभर जवळपास सारखाच भरलेला असतो, माइक इथं ठेवा नाहीतर तिथं. तुमचा आवाज मात्र अंतराबरोबर पडतो, अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी. आता हिशोब करा. लॅपटॉपचा माइक तोंडापासून ४८ सेंटीमीटरवर आहे आणि हेडसेटच्या दांडीचा माइक ३ सेंटीमीटरवर. ३ चे ६, ६ चे १२, १२ चे २४, २४ चे ४८, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबलचा फरक. माग तेवढाच राहिला आणि तुमचा आवाज २४ डेसिबलनं वर आला. एवढं काम कुठलीही सेटिंग आवाज न बिघडवता करत नाही. कानातल्या बड्सचा माइक कानापाशी असतो, तोंडापासून दहा-बारा सेंटीमीटर, म्हणून तो या दोघांच्या मधे कुठंतरी बसतो.

त्यामुळं हेडसेट घ्यायचा तर दांडीवाला घ्या, कॉल सेंटरची पोरं घालतात तसला. दिसायला काही खास नाही, पण काम तोच करतो. मी शेवटी यूएसबी वायरवाला घेतला, बड्सच्या निम्म्या किमतीत आला.

दांडी लावायची पण पद्धत आहे. माइक ओठांच्या समोर आणला की श्वास त्यावर आपटून फस्‌फस्‌ होते. ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, गालापासून साधारण दोन बोटं पुढं ठेवा. आणि दांडी फिरणारी असेल तर माइकची भोकं कुठल्या बाजूला आहेत ते बघा. हे माइक एका बाजूनं जास्त ऐकतात, माझा महिनाभर उलटा फिरलेला होता, म्हणजे माझ्याकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड. बऱ्याच हेडसेटवर आतल्या बाजूला ठिपका किंवा खूण असते, ती तोंडाकडं पाहिजे.

ब्लूटूथवर एक वाक्य जास्त लिहितो कारण लोक फार फसतात. गाणी ऐकताना ब्लूटूथ झकास वाजतं, पण माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये हेडसेट फोनवाल्या मोडमध्ये जातो आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगवर येतो, म्हणून स, श, फ सगळे दबके होतात आणि वर मागाची खटखट असली की समोरच्याला निम्मं कळत नाही. वायर लावली की ही भानगडच नाही. फक्त ३.५ मिलिमीटर पिनवाला घेत असाल तर पिनेवर तीन काळे पट्टे आहेत का बघा, दोनच असतील तर तो नुसता हेडफोन, माइक नाही.

हेडसेट लावला पण बोलतोय लॅपटॉपच्या माइकवर

नवीन हेडसेट आला त्या दिवशी मी छातीठोकपणे जॉइन झालो आणि परत तेच, "बांधकाम चालूए का?" अ‍ॅपमध्ये स्पीकर हेडसेटचा निवडला गेला होता, माइक मात्र लॅपटॉपचाच राहिला होता. तपासायचं अगदी सोपं: मीटिंगच्या आधी सेटिंगमध्ये माइकची पट्टी हलते ती बघत दांडीच्या टोकावर नखानं हळू खरवडा. पट्टी जोरात उडाली तर बरोबर. मग लॅपटॉपच्या माइकची बारीक भोकं असतात तिथं, बऱ्याचदा स्क्रीनच्या वर, खरवडा. तिथं पट्टी उडत असेल तर अजून चुकीचाच माइक चालू आहे.

सगळीकडं सगळं 'हाय' करून ठेवणं

ही माझी आवडती चूक. झूममध्ये नॉइज सप्रेशन, म्हणजे माइकच्या आवाजातला गोंगाट गाळायची सोय, `High`, विंडोजमध्ये माइकची साफसफाई चालू, हेडसेटच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पण चालू. तीन चाळण्या. आणि समोरचा म्हणतो, "तू विहिरीतनं बोलतोयस काय बे?"

कारण असं आहे. पंखा, कूलर हे एकसुरी आवाज, ते ओळखून काढणं सोपं. माग तसा नाही, तो ठोके देतो, मिनिटाला शे-दीडशे, आणि ठोका म्हणजे एकदम उठणारा तुकडा. आपण बोलताना क, ट, त, प म्हणतो त्याची सुरुवात पण अशीच एकदम उठते. म्हणून सप्रेशन जास्त केलं की ते ठोक्याबरोबर शब्दाची टोकं पण खातं. "पाटील" चं "आईल" होतं. त्यातून एका चाळणीनं खाऊन झालेला आवाज दुसरीला मिळाला की ती त्याला आणखी गोंधळून कापते. म्हणून चाळणी एकच ठेवा, बाकीच्या बंद.

मी कसं ठरवलं ते सांगतो, तासाभराचं काम आहे. माग जोरात चालू असताना आधी विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये वीस सेकंद बोललो, पाच सेकंद गप्प बसलो, परत बोललो. इथं झूमची सप्रेशन लागत नाही, म्हणून माइक मुळात काय पकडतोय ते कळतं. लॅपटॉपच्या माइकवर खटखट माझ्या आवाजाएवढीच होती. दांडीवर खटखट मागं, लांबून आल्यासारखी. ही पायरी सोडू नका, कच्च्या रेकॉर्डिंगमध्येच ठोके बोलण्याएवढे असतील तर सेटिंगला हात लावून उपयोग नाही, आधी माइक जवळ आणा. मग `zoom.us/test` वर जाऊन टेस्ट मीटिंग उघडली, तिथं बोललेलं परत ऐकवतात. `High` वर गप्प असतानाचा आवाज साफ, पण बोलताना शब्द चावल्यासारखे. `Low` वर शब्द छान, पण गप्प असताना खटखट जाणवते. `Medium` वर गाडी बसली. लॅपटॉपच्या माइकवर मात्र `High` लावून पण समाधान झालं नव्हतं, म्हणजे तेवढा फरक नुसता दांडीनं पडला.

त्याच ऑडिओ सेटिंगमध्ये माइकचा व्हॉल्यूम आपोआप कमीजास्त करायची टिक असते. तुम्ही गप्प बसला की ती माइक वाढवत जाते आणि मग माग हळूहळू मोठा होत येतो, बोलायला लागलं की परत खाली. असं वर-खाली ऐकू येत असेल तर टिक काढा आणि व्हॉल्यूम हातानं लावा. आणि "ओरिजिनल साउंड" नावाचं काही चालू असेल तर बंद करा, ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी आहे, त्यात सप्रेशनच निघून जातं. टीम्समध्ये असेच पर्याय डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये मिळतील. मीटच्या फुकट अकाउंटवर नॉइज कॅन्सलेशनचं बटण बऱ्याचदा दिसतच नाही, तिथं सगळी मदार माइकवर.

भिंतीला चादर, लॅपटॉपखाली टॉवेल

सोलापुरात राहून हे न करणं शक्यच नव्हतं. मागच्या भिंतीला दोन चादरी टांगल्या. खोलीतला घुमणारा आवाज कमी झाला, माझं बोलणं जरा सुकं आलं, पण खटखट तशीच, कारण मागाचा धक्का भिंतीतून आणि फरशीतून येतो, चादर त्याला काय अडवणार. मग वाटलं धक्का टेबलातून लॅपटॉपला जात असेल, म्हणून घडी घातलेला टॉवेल खाली ठेवला. दहा मिनिटांत लॅपटॉप तापला, खालची जाळी बंद झाली होती ना, आणि आतला पंखा असा घोंगावायला लागला की मागाच्या वर तोच ऐकू येतोय. टॉवेल ठेवायचा तर टेबलाच्या पायाखाली ठेवा, आणि टेबल भिंतीपासून वीतभर तरी सुटं पाहिजे.

उन्हाळ्यात एक त्रास राहतोच. कान पूर्ण झाकणारे रेक्झिनचे गोळे एप्रिलच्या दुपारी कानाला चिकटतात, अर्ध्या तासात घाम. कापडी गोळ्यांचा बघा, बाहेरचा आवाज जरा जास्त येतो पण बसवतं तरी. एका कानाचा पण मिळतो, मात्र दुसऱ्या कानात माग असतोच.

आणि एका गोष्टीवर यातली कुठलीच चाळणी चालत नाही, ते म्हणजे दुसऱ्या माणसाचा आवाज. साधं सप्रेशन बोलणं सोडून बाकी काढतं, बोलणं कुणाचंय ते त्याला कळत नाही. फक्त तुमचाच आवाज ओळखून ठेवणारी सोय काही अ‍ॅपमध्ये आलीय, टीम्समध्ये तिचं नाव `Voice isolation`, आधी थोडं वाचून आवाज नोंदवावा लागतो. माझ्या ऑफिसनं ती अजून चालू केलेली नाही. त्यामुळं मी झूममध्ये म्यूट राहतो आणि स्पेसबार दाबून धरून बोलतो, सोडला की परत म्यूट. परवा बोट दाबलेलंच होतं आणि अण्णांनी खिडकीतनं हाक मारली, "ए, मीटिंग संपली का? चहा टाकलाय." मॅनेजर म्हणाली, "आज बांधकाम बंद आहे वाटतं."