विजेवर चालणारा बोअरवेलचा पंप व्हीएफडी लावून सौर ऊर्जेवर कसा आणावा

विहिरीतला पंप न बदलता तोच सौर पॅनेलवर चालवता येतो. पॅनेलच्या डीसी विजेची एसी करून तिची फ्रीक्वेन्सी, आणि तिच्याबरोबर मोटरचा वेग, कमी-जास्त करणारे यंत्र म्हणजे व्हीएफडी. मात्र त्यासाठी मोटर तीन फेजची असावी लागते. कपॅसिटरवर चालणाऱ्या सिंगल फेज मोटरला नेहमीचा व्हीएफडी लावू नये. तिथे मोटर बदलणे हाच खरा मार्ग आहे. येथे ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची सबमर्सिबल मोटर गृहीत धरली आहे.

सर्वांत आधी जुन्या मोटरची तपासणी करावी. वीजपुरवठा बंद करून, केबल स्टार्टरपासून सोडवून, मेगरने तारा आणि अर्थिंग यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध मोजावा. तो २ मेगाओहमपेक्षा कमी असेल, तर आधी मोटर आणि केबल दुरुस्त करून घ्यावी, कारण व्हीएफडीमधून येणारा व्होल्टेज तुकड्यातुकड्यांचा असतो आणि लांब केबलच्या टोकाशी त्याची उसळी डीसी व्होल्टेजच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. साध्या विजेवर अनेक वर्षे तग धरलेले कमकुवत वाइंडिंग या माऱ्याने जळते. म्हणून केबल ५० मीटरच्या पुढे असेल, तर व्हीएफडीच्या आउटपुटला फिल्टर बसवावा आणि कॅरिअर फ्रीक्वेन्सी, म्हणजे हे तुकडे पाडण्याचा वेग, २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावी. हा फिल्टर खर्च वाचवण्यासाठी वगळला जातो, पण वाइंडिंग वाचवायचे असेल तर तो हवाच.

यानंतरचा प्रश्न पॅनेलच्या संख्येचा, आणि बहुतेक चुका इथेच होतात. नुसती वॅटची बेरीज जुळवून भागत नाही. एका सलग मालिकेचा व्होल्टेज जुळला पाहिजे. समजा, पॅनेल ३३५ वॅटचे आहे, त्याचा कामाचा व्होल्टेज ३८ आणि भार नसतानाचा ४६ आहे. अशी १६ पॅनेल मालिकेत जोडली की ६०८ व्होल्ट आणि सुमारे ५.४ किलोवॅट मिळतात. पण हे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. कडक उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घट धरता व्होल्टेज ५१० वर येतो आणि व्हीएफडी मोटरला सुमारे ३६० व्होल्टच देऊ शकतो. तेवढ्यावर पंप चालतो, मात्र पूर्ण वेगाला मोटरचा विद्युतप्रवाह थोडा वाढतो. १३ पॅनेलवर भागवले, तर भर दुपारी २९० च्या आसपासच व्होल्ट मिळतात आणि ऊन लख्ख असूनही पाणी कमी येते. उलट बाजूला थंडीची सकाळ असते: ५ अंशांवर १६ पॅनेलचा भाररहित व्होल्टेज ७३६ वरून ७८० च्या आसपास जातो. व्हीएफडीची कमाल मर्यादा ८०० व्होल्ट असेल, तर सतरावे पॅनेल लावताच ती ओलांडली जाते आणि यंत्र कायमचे निकामी होऊ शकते.

जोडणी करताना जुना स्टार्टर मोटरच्या वाटेतून काढून टाकावा. वीजपुरवठाही राखायचा असेल, तर असा चेंजओव्हर स्विच लावावा की वीज आणि व्हीएफडीचे आउटपुट एकाच वेळी मोटरला जोडले जाणे शक्यच होऊ नये. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठी बनवलेलाच स्विच वापरावा. एसीचा स्विच उघडताना डीसीची ठिणगी विझत नाही. पुरवठा तोडल्यावरही व्हीएफडीतील कपॅसिटर भारित राहतात, त्यामुळे झाकण उघडण्याआधी किमान १० मिनिटे थांबावे. हे काम जाणत्या वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

आता सेटिंग. नेमप्लेटवरचे व्होल्ट, अँपिअर आणि वेग भरल्यावर किमान फ्रीक्वेन्सी ठरवावी. पंपाची पाणी चढवण्याची क्षमता वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते. ५० हर्ट्झला, पाण्याचा प्रवाह शून्य असताना, १२० मीटर चढवणारा पंप ४० हर्ट्झला केवळ ७७ मीटर चढवतो. पाण्याची पातळी ७० मीटर खोल असेल, तर ३८ हर्ट्झच्या खाली मोटर फिरत राहते, पण पाणी वर येत नाही. आतले पाणी घुसळून तापते आणि मोटरला थंडावा मिळत नाही. म्हणून या उदाहरणात किमान ४० हर्ट्झ ठेवून त्याखाली पंप थांबेल असे करावे. पाणी उन्हाळ्यात ८५ मीटरवर गेले, तर हाच आकडा किमान ४२ च्या वर न्यावा लागतो. सुरुवातीला ३० हर्ट्झपर्यंतचा टप्पा एक-दोन सेकंदांत पार व्हावा, कारण थ्रस्ट बेअरिंगला पाण्याचा थर मिळायला तेवढा वेग लागतो.

कोरड्या बोअरपासूनचे संरक्षण केवळ कमी अँपिअरवर ठेवू नये. ढगाळ सकाळी वेग कमी असल्याने अँपिअरही कमीच असतात आणि पंप विनाकारण बंद पडतो. पाणी भरपूर असताना ४५ हर्ट्झला किती अँपिअर येतात ते नोंदवावे आणि त्याच वेगाला ते सुमारे ४० टक्क्यांनी घटले, तरच पंप थांबून अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होईल अशी अट घालावी.

शेवटी चाचणी. फ्रीक्वेन्सी वाढूनही पाण्याचा जोर कमीच दिसला, तर मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुरवठा तोडून, १० मिनिटे थांबून, व्हीएफडीच्या आउटपुटच्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल कराव्यात.